रजेचा मेल आणि वीस तारखेचं रिटर्न

‘सर, गणपतीला गावी जायचंय. पुढच्या आठवड्यात सुट्टी हवी होती. काम मॅनेज होईल. फोनवर अव्हेलेबल आहे.’

असा मेल महाराष्ट्रातल्या कुठल्याही ऑफिसात सापडेल. त्यात उद्धटपणा नाही, खोटेपणाही नाही. तरीही तो वाचून मॅनेजर लगेच होकार देत नाही, कारण त्याला हवी असलेली कुठलीच गोष्ट त्यात नसते. पुढचा आठवडा म्हणजे कुठल्या वारापासून? मॅनेज कोण करणार? आणि रात्रीच्या गाडीत किंवा आरतीच्या वेळी फोन कसा लागणार? मग तो टेबलापाशी बोलावून विचारतो, तोंडी काहीतरी ठरतं, आणि ठरलेलं दोघांच्या लक्षात वेगवेगळं राहतं.

मॅनेजरच्या मनात खरं तर एकच प्रश्न असतो. ही व्यक्ती नसताना कुठल्या तारखेला कुठलं काम येऊन पडणार आहे आणि ते कोण करणार आहे? रजेच्या तारखा, कामाची सोपवणी आणि फोनवरची उपलब्धता या मेलमधल्या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. पण त्या एकाच प्रश्नाच्या उत्तराचे भाग आहेत. हे नीट दिसतं ते हिशेबाच्या टेबलावर, कारण तिथल्या कामाच्या तारखा सरकारनेच ठरवून दिलेल्या असतात.

उदाहरणासाठी पुण्याच्या पेठेतली हार्डवेअरची एक घाऊक पेढी घेऊ. भागीदारीतला धंदा, पंचवीसेक माणसं, आठवड्याला रविवारची सुट्टी. हिशेब पाहणाऱ्या बाईंचं गाव राजापूर तालुक्यात. २०२६ सालची गणेश चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. शुक्रवारी ११ तारखेला रात्री निघायचं, गौरी-गणपती उरकून रविवारी २० तारखेला परतायचं आणि सोमवारी २१ला कामावर यायचं, असा त्यांचा बेत.

या नऊ दिवसांत रजा किती लागते? घरापासून दूर राहण्याचे दिवस नऊ, १२ ते २०. त्यातले १३ आणि २० हे रविवार आणि १४ची सणाची सुट्टी वगळली तर कामाचे दिवस उरतात सहा. पण काही ऑफिसांत रजेच्या दोन दिवसांमध्ये अडकलेली सुट्टीही रजेतच धरतात. त्याला सगळे ‘सँडविच’ म्हणतात. तो हिशेब लावला तर १३ आणि १४ धरून आठ दिवस होतात. शेवटचा रविवार टोकाला असल्यामुळे त्यातून सुटतो. म्हणजे त्याच रजेचे सहा किंवा आठ दिवस होतात, आणि हा फरक पगाराची स्लिप हातात आल्यावर कळण्यात अर्थ नसतो. १९४८च्या कारखाना कायद्यात मधल्या किंवा टोकाच्या सुट्ट्या भरपगारी रजेत मोजू नयेत असं स्पष्ट लिहिलेलं होतं. दुकानं आणि खासगी ऑफिसांत मात्र बहुतेक वेळा आपापला नियम चालतो. म्हणून मेलमध्ये ‘१२ ते १९’ एवढंच न लिहिता कामाचे दिवस किती धरलेत तेही लिहावं. चूक असेल तर ती मॅनेजर तिथल्या तिथे सांगतो.

सरकारी कार्यालयांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. तिथल्या रजेच्या अर्जात रजेचा प्रकार, पासून-पर्यंतच्या तारखा, रजेला जोडून येणाऱ्या सुट्ट्या, मुख्यालय सोडण्याची परवानगी आणि रजाकाळातला पत्ता हे सगळं भरावं लागतं. छापील नमुना रुक्ष वाटतो, पण त्यातला प्रत्येक रकाना कधीतरी झालेल्या घोळातूनच आलेला असणार. त्यात नसते ती एकच तारीख, आणि मेलमध्ये ती मुद्दाम घालावी: कामावर हजर होण्याची. ‘२० तारखेपर्यंत रजा’ म्हटल्यावर माणूस वीसला येणार की एकवीसला, यावर दोन शहाण्या माणसांचं एकमत होईलच असं नाही. ‘सोमवार २१ सप्टेंबर, सकाळी दहा’ यावर वाद होत नाही. तारखेशेजारी वार लिहिला की टाइप करतानाची चूकही पकडता येते. ‘सोमवार २२’ असं दिसलं की वाचणारा थबकतो.

मेल कधी पाठवायचा याला कोकणच्या माणसापुरतं एक जास्तीचं गणित आहे. रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४पासून साठ दिवस आधी उघडतं. म्हणजे ११ सप्टेंबरच्या गाडीसाठी १३ जुलैला सकाळीच तिकिटाच्या मागे लागावं लागतं. त्यामुळे आधी तिकीट आणि मग रजा हा क्रम रूढ झाला आहे, आणि मेलमध्ये ‘तिकीट काढलंय’ हे वाक्य येतं. मॅनेजरला त्यात विनंतीपेक्षा दडपण जास्त ऐकू येतं. त्यापेक्षा जुलैच्या पहिल्या आठवड्यात दोन ओळींचा मेल पाठवून तारखांना तत्त्वतः होकार घ्यावा आणि सोपवणीचा पूर्ण मेल ऑगस्टच्या शेवटी लिहावा. जुलैत सप्टेंबरच्या कामाची यादी नेमकी करता येत नाही. पण त्याच दिवसांत आणखी कोणी रजा मागतंय का, हे मॅनेजर तेव्हा नक्की बघू शकतो.

पंधरा दिवस आधी लेखी मागण्याला कायद्याचाही आधार आहे. दुकानं आणि आस्थापनांसाठीच्या महाराष्ट्राच्या २०१७च्या कायद्याने, तो जिथे लागू आहे तिथे, वर्षाला आठ किरकोळ रजा मिळतात. वर्षात २४० दिवस काम भरलं की दर वीस दिवसांमागे एक भरपगारी रजाही मिळते. ही रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. पंधरा दिवस आधी अर्ज करूनही मालकाने देय रजा नाकारली, तर ४५च्या वर गेलेल्या रजेचे पैसे मागण्याचा हक्क कामगाराला मिळतो. तो हक्क सांगायचा तर अर्ज केल्याची तारीख दाखवता आली पाहिजे. जिन्यात भेटून विचारलेल्या रजेला तारीख नसते. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकलेली विनंती ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांखाली गाडली जाते. मेलवर तारीख, वेळ आणि होकार एकाच धाग्यात राहतात.

आता सोपवणी. हिशेबाच्या टेबलावर सप्टेंबरचा मधला पंधरवडा म्हणजे मुदतींची रांग. ऑगस्टमध्ये कापलेला टीडीएस ७ तारखेपर्यंत भरायचा. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्या पेढीला विक्रीचं जीएसटीआर-१ हे रिटर्न ११ तारखेपर्यंत द्यायचं. पीएफ आणि ईएसआयसीचं चलन १५ तारखेपर्यंत. आगाऊ प्राप्तिकराचा दुसरा हप्ताही १५ सप्टेंबरलाच. आणि प्रत्यक्ष कर भरायचं जीएसटीआर-३बी हे रिटर्न २० तारखेपर्यंत. वरवर पाहिलं तर यातल्या तीन मुदती रजेत येतात, आणि मॅनेजर घाबरतो तो त्यालाच.

पण यादी कामाच्या स्वभावाप्रमाणे लावली की चित्र बदलतं. विक्रीचं रिटर्न १० तारखेलाही भरता येतं, कारण ऑगस्टची बिलं ३१ला संपलेली असतात. पगार सातच्या आत झाला असेल तर पीएफ-ईएसआयसीचं चलनही निघण्याआधी होतं. आगाऊ कराचा आकडा सीएंकडून आधी मागवता येतो. उरतं ते फक्त ३बी. ते आधी उरकता येत नाही, आणि त्याला कारण आहे. पुरवठादारांनी पेढीच्या नावावर दाखवलेल्या खरेदीचा, म्हणजे वजावट मिळू शकणाऱ्या कराचा, २बी नावाचा गोषवारा पोर्टलवर १४ तारखेला तयार होतो. तो पेढीच्या खरेदीच्या नोंदींशी जुळवल्याशिवाय ३बीचा आकडा पक्का होत नाही. एखाद्या पुरवठादाराने आपलं बिल दाखवलेलंच नसेल, तर तेवढी वजावट त्या महिन्यात मिळत नाही आणि रोख कर जास्त भरावा लागतो.

म्हणजे पाच मुदतींपैकी चार कामं निघण्याआधी संपतात आणि १४ ते २०च्या दरम्यान एकच काम दुसऱ्याच्या हाती द्यावं लागतं. ते चुकलं तर काय होतं तेही ठरलेलं आहे: दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, न भरलेल्या करावर वर्षाला १८ टक्के दराने व्याज, आणि ३बी तसंच राहिलं तर पुढच्या महिन्याचं जीएसटीआर-१ पोर्टल स्वीकारत नाही. इतकं स्पष्ट झाल्यावर ‘काम मॅनेज होईल’ या वाक्याची गरज उरत नाही.

या पेढीतल्या बाईंनी सोमवारी, २४ ऑगस्टला पाठवलेला मेल साधारण असा असेल:

विषय: रजा, १२ ते १९ सप्टेंबर २०२६ (कामाचे ६ दिवस), हजर सोमवार २१ सप्टेंबर

सर, नमस्कार.

जुलैत बोलल्याप्रमाणे गणपतीसाठी शनिवार १२ ते शनिवार १९ सप्टेंबर रजा मिळावी, ही विनंती. मधला रविवार आणि चतुर्थीची सुट्टी सोडून कामाचे ६ दिवस धरले आहेत. सोमवार २१ सप्टेंबरला सकाळी दहा वाजता हजर होईन.

शुक्रवार ११पर्यंत मी पूर्ण करून जाईन: टीडीएस, जीएसटीआर-१, पीएफ आणि ईएसआयसीचं चलन, आगाऊ कराचा हप्ता. चलनांच्या प्रती तुम्हाला त्याच दिवशी पाठवते.

मागे राहणारं काम एक: ऑगस्टचं ३बी. मुदत २०, पण तो रविवार आहे, म्हणून आपण गुरुवार १७ धरू. बिलिंगच्या ताई १५ला २बी उतरवून खरेदीशी जुळवतील, १६ला आकडा सीएंच्या ऑफिसला देतील आणि तुम्ही पाहिल्यावर १७ला कर भरून रिटर्न दाखल करतील. त्यांच्याशी बोलणं झालं आहे. जुलैची जुळवणी मागच्या आठवड्यात त्यांनीच केली, मी शेजारी बसले होते.

२१पर्यंत थांबू शकतं: पुरवठादारांचे खातेउतारे, बँकेचा ताळमेळ. देणी ११ला देऊन जाते, पुढची २२ला.

बुधवार १६ आणि गुरुवार १७ला दुपारी १२ ते १ मी फोनवर असेन. गावी घरात रेंज नसते, त्यामुळे इतर वेळी फोन लागेलच असं नाही. ३बी अडलं तर एसएमएस करावा, मी संध्याकाळी पाहीन.

दोन गोष्टींसाठी तुमची मदत हवी. जीएसटी पोर्टलवर माझा मोबाइल नोंदलेला आहे, तो भागीदार साहेबांचा करायला हवा. आणि नेट बँकिंगमध्ये पेमेंट भरण्यासाठी ताईंचं नाव घालायला हवं. ४ सप्टेंबरपर्यंत झालं तर टीडीएस आणि जीएसटीआर-१ भरताना दोन्ही तपासून घेता येईल.

तारखा जमत असतील तर याच मेलवर कळवावं, म्हणजे रजेच्या वहीत नोंद करते.

या मेलमधला सगळ्यात मोलाचा भाग शेवटून दुसरा परिच्छेद. सोपवणी फसते ती बहुतेक वेळा काम न समजल्यामुळे नव्हे, तर दार न उघडल्यामुळे. भागीदारी पेढीला रिटर्न ओटीपीवर दाखल करता येतं, आणि ओटीपी पोर्टलवर अधिकृत म्हणून नोंदलेल्या व्यक्तीच्या मोबाइलवर आणि मेलवर जातो. लहान पेढ्यांत सही भागीदाराची आणि मोबाइल मात्र हिशेबनिसाचा अशी सोय कधीकाळी केलेली असते. मग १७ तारखेला सगळा आकडा तयार असतो आणि ओटीपी राजापुरात, रेंज नसलेल्या फोनवर येऊन संपून जातो. कंपन्यांचं रिटर्न डिजिटल सहीशिवाय जात नाही. तिथे पेनड्राइव्हसारखा दिसणारा तो टोकन कुलूपबंद ड्रॉवरमध्ये आणि किल्ली रजेवरच्या माणसाच्या खिशात, हा प्रकार घडतो. बँकेत एकाने पेमेंट भरायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं अशी रचना असेल, तर पहिल्या जागी नवीन नाव घालायला बँक सह्यांचे फॉर्म मागते आणि त्याला काही दिवस लागतात. या गोष्टी निघायच्या आदल्या दिवशी होत नाहीत, म्हणून त्या मेलमध्ये तारखेसह हव्यात आणि निघण्याआधी एकदा खऱ्या कामावर तपासून घ्याव्यात.

यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे आपला पासवर्डच देऊन जाणं. तो मेलमध्ये तर लिहूच नये, कारण मेल पुढे पाठवला जातो आणि वर्षानुवर्षं पडून राहतो. शिवाय दुसऱ्याने केलेला व्यवहार आपल्या नावावर नोंदला जातो, तो वेगळाच.

हँडओव्हर कच्चा आहे हे ओळखायची खूण सोपी आहे. ‘कोण’च्या जागी ‘टीम’ किंवा ‘बाकीचे’ असं लिहिलेलं असतं. दुसरी खूण म्हणजे ज्याच्याकडे काम सोपवलं, त्याला ते मेलच्या सीसीमध्येच कळतं. ‘त्यांच्याशी बोलणं झालं आहे’ हे वाक्य खरं असेल तरच लिहावं, आणि लिहिता यावं म्हणून आधी बोलावं.

उपलब्धतेचं ठरवणं सोपवणीनंतरच शक्य होतं. ३बी एवढंच काम मागे असेल, तर शंका येणार त्या १५ ते १७च्या दरम्यान. मग फोनसाठी दोन दिवस एकेक तास पुरतो. ‘केव्हाही फोन करा’ ही उदारता दोघांनाही महागात पडते. ऑफिसातला माणूस शोधायचे कष्ट घेण्याआधी फोन फिरवतो, आणि फोन लागला नाही की त्याला वाटतं, आपल्याला टाळलं. उलट ‘फोन बंद असेल’ एवढंच लिहिलं तर अडल्यावर काय करायचं हे कोणालाच ठाऊक नसतं. काम पार पडल्याचं कळायला तर फोनही लागत नाही. रिटर्न दाखल झालं की पोर्टल एआरएन हा पोचक्रमांक देतं. बिलिंगच्या ताईंनी तो मेसेजमध्ये पाठवला की पुरे.

रजेवरच्या माणसाला कामापासून खरोखर लांब ठेवणारं एक क्षेत्र आपल्याकडे आहे, ते म्हणजे बँका. संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा सलग किमान दहा कामाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवा, आणि तेही पूर्वसूचना न देता, असं रिझर्व्ह बँकेने २०२१च्या परिपत्रकात सांगितलं आहे. त्या काळात कामाशी संबंधित यंत्रणा त्यांच्यासाठी बंद राहतात. फक्त अंतर्गत मेल सुरू असतो. हेतू उघड आहे: रोज स्वतःच सांभाळून झाकलेली गडबड, माणूस टेबलावर नसला की बाहेर येते. पेठेतल्या पेढीला हा नियम लागू नाही, पण मॅनेजरला त्यातून घेण्यासारखं बरंच आहे. एका माणसाच्या नऊ दिवसांच्या गैरहजेरीत कुठला मोबाइल, कुठली किल्ली आणि कुठली सही एकट्याच्याच हाती आहे, ते आपोआप समोर येतं. खासगी नोकरीत रजेवर असताना फोन न उचलण्याचा हक्क देणारा केंद्राचा कायदा मात्र नाही. सुप्रिया सुळे यांनी त्यासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं आहे. त्याचा कायदा झालेला नाही. त्यामुळे मेलमध्ये ठरलेली वेळ हाच काय तो करार.

स्वयंचलित उत्तर लावायचं तर बाहेरच्यांसाठी ते आखूड ठेवावं: २१ तारखेला परत, तोपर्यंत ऑफिसच्या नंबरवर संपर्क करा. पेमेंट कोण भरतं, मंजुरी कोण देतं, हे त्यात लिहिलं तर मालकाच्या नावाने खोटा मेल पाठवून पैसे वळवणाऱ्यांना आयती माहिती मिळते.

एवढं लिहूनही होकार अर्धाच येऊ शकतो. ‘शनिवार १९ला माल येतोय, त्या दिवशी या’ असं उत्तर आलं, तर गप्प बसून १९ला न येणं किंवा चडफडत संपूर्ण बेत मोडणं, हे दोनच पर्याय नसतात. त्याच धाग्यात बदललेल्या तारखांचा एक मेल जातो: ‘१२ ते १८ सप्टेंबर, कामाचे ५ दिवस, हजर शनिवार १९.’ किंवा १९चं नेमकं काम कोणतं ते विचारून, मालाची आवक उतरवून घ्यायला गोदामातल्या कोणाचं नाव देता येतं. नवीन तारखा पक्क्या झाल्या की जुन्या मेलवर भिस्त ठेवू नये. रजेची वही असो की कंपनीचं पोर्टल, नोंद शेवटच्या होकारावरून व्हायला हवी. महिन्याच्या शेवटी पगार करणारा माणूस तीच नोंद बघतो, आणि या पेढीत तर पगार करणाऱ्याही याच बाई असतात.